लग्नाच्या वाढदिवसाला कठीण वर्षांवर बोलायचं आहे? बायकोच्या साडेतीन मिनिटांच्या भाषणाची तयारी

मी डोंबिवली-कल्याण भागात घरगुती समारंभांचं निवेदन करते. लग्नाच्या पंचविसाव्या किंवा पन्नासाव्या वाढदिवसाला मुलं हौसेने आईच्या हातात माईक देतात आणि म्हणतात, "आई, तुमच्या कठीण दिवसांबद्दल बोल ना." पुढे बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट होते. आई म्हणते, "प्रेम, विश्वास आणि तडजोड यांवर आमचा संसार टिकला," आणि ते कुणाच्याही लक्षात राहत नाही. किंवा ती मुलगी बघायला आले तिथपासून नातवाच्या बारशापर्यंत सगळं सांगते आणि पंगत खोळंबते. किंवा जुना सल बाहेर पडतो आणि हॉलमध्ये सगळे खाली बघू लागतात.

हे बोलताना बिघडलेलं नसतं, त्याच्या आधी तयारीत बिघडलेलं असतं. म्हणून ती तयारी क्रमाने लिहिते. उदाहरण आमच्या इमारतीतल्या काकूंचं घेते. त्यांचं लग्न मे १९७६ मधलं. तेव्हा त्या लालबागच्या चाळीत राहायच्या आणि काका कापड गिरणीत मागांवर, साचेखात्यात होते. त्यांच्या सुवर्णमहोत्सवाचं भाषण आम्ही दोघींनी मिळून तयार केलं. इथे ते लिहायला दोघांनीही परवानगी दिली आहे.

टप्पा १: एकच कठीण काळ निवडा आणि त्याच्या घरातल्या तारखा ठरवा

काकूंनी पहिल्या दिवशी चार गोष्टी सांगितल्या: सासूबाईंचं आजारपण, गिरणी संप, मुलीचं मोडलेलं लग्न, काकांची बायपास. चारही खऱ्या होत्या, पण साडेतीन मिनिटांत चार मावत नाहीत. मी एवढंच विचारलं, "यातल्या कुठल्या काळात तुम्हाला वाटलं होतं की आता आपण दोघं एका घरात राहतो की नाही, देव जाणे?" काकू लगेच म्हणाल्या, "संपात." निवड झाली.

आता तारखा. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पण भाषणासाठी या तारखा कामाच्या नाहीत. काकूंच्या घरात जानेवारी कठीण नव्हता, कारण होळीपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. घरातला कठीण काळ जूनमध्ये सुरू झाला, काका गावी निघून गेले तेव्हा. आणि तो संपला जून १९८५ मध्ये, त्यांना वॉचमनची नोकरी लागली त्या दिवशी. बाहेरच्या घटनेच्या तारखा आणि तुमच्या घरातल्या तारखा क्वचितच जुळतात. भाषणाला घरातल्याच घ्या.

तपासा: "अमुक महिन्यात हे झालं तेव्हा सुरू झालं, तमुक महिन्यात ते झालं तेव्हा संपलं" असं एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर तुम्ही अजून दोन काळ एकत्र पकडले आहेत.

टप्पा २: "कशामुळे टिकलं" हा प्रश्न स्वतःला विचारू नका

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून इथे वेळ घालवा. "कशामुळे टिकलं" असं विचारलं की डोक्यात थेट उत्तर येतं: विश्वास, संयम, देवाची कृपा. ही उत्तरं खोटी नसतात. पण ती प्रत्येक संसाराला लागू पडतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला तुमचा संसार दिसत नाही.

त्याऐवजी त्या दिवसांत घरात रोज काय व्हायचं ते विचारा. मी काकूंना विचारलेले प्रश्न असे होते. सकाळी पहिलं कोण उठायचं? पैसे कुठे ठेवलेले असायचे आणि कोण काढायचं? अबोला धरल्यावर पहिला शब्द कुठल्या कामावरून निघायचा? शेवटी जेवायला कोण बसायचं? आणि घरातली कुठली गोष्ट बाहेर कळू नये म्हणून दोघं मिळून जपत होता? शेवटचा प्रश्न कधीच सोडू नका.

हे एका बैठकीत होत नाही. दोन-तीन संध्याकाळी बसा, जवळची एखादी मुलगी, सून किंवा मैत्रीण विचारायला घ्या आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. लिहायला बसल्यावर माणूस पुस्तकी बोलायला लागतो. रेकॉर्डिंगमध्ये तुमची स्वतःची वाक्यं सापडतात.

काकूंचं पहिल्या संध्याकाळी काही निघालं नाही. दुसऱ्या संध्याकाळी असं झालं:

"सकाळी पहिलं कोण उठायचं?"

"हे."

"काका कशाला? गिरणी तर बंद होती."

काकू बराच वेळ गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पीठ मळायला."

काका गावी असताना काकूंनी दादरच्या एका खानावळीला चपात्या द्यायला सुरुवात केली होती. रोज शंभर. शंभर चपात्यांना साधारण तीन किलो पीठ लागतं. लाटणं-भाजणं जमतं, पण एवढं पीठ एकटीने रोज मळायचं म्हणजे मनगटं धरतात. काका परत आल्यावर दुसऱ्याच पहाटे पीठ मळायला बसले आणि पुढे अडीच वर्षं मळत राहिले. दार लावून. बाप्या माणूस पीठ मळतो हे चाळीत कळलं असतं तर त्यांना मान वर करून जिन्यावरून जाता आलं नसतं. काकूंनी हे स्वतःच्या मुलींनाही कधी सांगितलं नव्हतं.

अशी गोष्ट सापडली की ती भाषणाची आहे का हे तीन प्रश्नांनी ओळखता येतं. ती डोळ्यांना दिसते का? ती पुन्हा पुन्हा घडली का? त्यात दोघांचा हात आहे का? "विश्वास" पहिल्याच प्रश्नाला अडतो. काकूंनी मंगळसूत्र पेढीवर गहाण ठेवलं होतं. ते दिसतं, पण ते एकदाच घडलं आणि त्यात एकटीचा त्याग होता. पीठ तिन्ही प्रश्नांना उतरतं: त्यांनी मळलं, काकूंनी लाटलं आणि दोघांनी गुपित ठेवलं.

सावध: मुलं सहसा मंगळसूत्राच्या गोष्टीचा आग्रह धरतात, कारण ती त्यांनी ऐकलेली असते. भाषण त्यांना माहीत नसलेल्या गोष्टीवर उभं राहू द्या.

टप्पा ३: नवऱ्याला आधी विचारा, निदान आठ दिवस आधी

"सरप्राइज द्यायचंय, त्यांना सांगू नका" असं घरोघरी ऐकते. केकचं, फोटोंचं ठीक आहे. पण कठीण वर्षांबद्दल बोलताना तुम्ही त्यांच्याही आयुष्यातली नाजूक जागा दोनशे माणसांपुढे उघडी करत असता. ती पहिल्यांदा हॉलमध्ये ऐकण्याची वेळ त्यांच्यावर आणू नका.

विचारताना मुलांसमोर विचारू नका. "भाषणात जुन्या दिवसांचं बोलू का?" असं मोघमही नको, त्याला कुणीही "बोल की" म्हणतं. जो भाग सांगायचा आहे तो त्यांना वाचून दाखवा आणि उत्तर त्याच बैठकीत मागू नका.

काका आधी म्हणाले, "कशाला आता ते." काकूंनी विषय सोडून दिला. दोन दिवसांनी चहा घेताना ते आपणहून म्हणाले, "सांग. पण मी गावाला जाऊन बसलो होतो ते पण सांग. नुसतं चांगलं सांगू नको." या एका वाक्याने भाषण बदललं. तोवर काकू तो भाग झाकत होत्या आणि त्यामुळे पिठाची गोष्ट अर्धीच वाटत होती.

परवानगी मिळाली तरी दोन गोष्टी बाहेर ठेवा. हॉलमध्ये बसलेल्या नातेवाइकाचं देणंघेणं सांगू नका आणि सासर-माहेरच्या कुणी दुखावलं असेल तर तेही नको. त्या माणसाला तिथे उत्तर देता येत नाही.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते. त्या वर्षांत घरातला त्रास नवऱ्याकडूनच होता, दारू होती, मारहाण होती, तर हे भाषण करू नका. "कशामुळे टिकलं" याचं खरं उत्तर तिथे "मी सोसलं" असं असतं. ते गोड करून सांगायची जबाबदारी तुमची नाही. आलेल्यांचे आभार माना आणि माईक परत द्या. मुलांनी कितीही आग्रह केला तरी.

टप्पा ४: पाच तुकडे, याच क्रमाने

पहिला तुकडा: कुठे, कधी, किती माणसं. तीन-चार वाक्यं. दुसरा: काय बिघडलं होतं, ते सरळ. तिसरा: रोज घडणारी ती गोष्ट. निम्मं भाषण इथे जातं. चौथा: त्या गोष्टीत तुमचा हात काय होता. पाचवा: आजचं एक-दोन वाक्य, थेट त्यांना.

दुसरा तुकडा तिसऱ्याच्या आधीच यायला हवा. काकूंनी पहिल्या मसुद्यात आधी पीठ सांगितलं आणि मग "हे पाच महिने आले नव्हते" असं घातलं. वाचून बघितलं तर ते वाक्य टोमण्यासारखं वाजत होतं. तेच वाक्य आधी आणल्यावर टोमणा गेला आणि पिठाचं वजन वाढलं.

चौथा तुकडा बहुतेक जणी गाळतात. तो गाळला की भाषण नवऱ्याच्या गुणांची यादी होतं. संसार दोघांनी कसा धरला हे कळायला तुमचं कामही त्यात दिसायला हवं.

"आदरणीय व्यासपीठ" नको, "दोन शब्द बोलते" नको. मुलं, जावई, नातवंडांची नावं घेऊ नका. एक नाव राहिलं तर तेवढंच लक्षात राहतं. आभार मुलाला मानू दे.

काकूंचं शेवटचं भाषण असं होतं:

"बसून घ्या सगळे. मी थोडंच बोलणार आहे.

ब्याऐंशी साली आम्ही लालबागला राहत होतो. दहा बाय बाराची खोली, दोन मुलं, धाकटी दोन वर्षांची. जानेवारीत संप झाला. होळीपर्यंत सगळे म्हणायचे, आज मिटेल, उद्या मिटेल. मग तसं म्हणायचेही बंद झाले.

जूनमध्ये हे लावणीला म्हणून गावी गेले. महिन्यात येतो म्हणाले आणि पाच महिने आले नाहीत. मला राग आला होता. पत्र आलं, मी उत्तर दिलं नाही. त्या दिवसांत मी चपात्या करून द्यायला लागले. रोज शंभर. सकाळी आठच्या आत दादरला पोचवायच्या.

दिवाळी झाल्यावर हे परत आले. मी बोलले नाही. हेही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मला जाग आली ती परातीच्या आवाजाने. हे खाली बसून पीठ मळत होते. पहिल्या पाळीला उठायची सवय गेली नव्हती. मी उठले, स्टोव्ह पेटवला आणि लाटायला बसले.

तेव्हापासून अडीच वर्षं रोज तीन किलो पीठ ह्यांनी मळलं. दार लावून, चाळीत कुणाला कळू नये म्हणून. मळून झालं की हात धुवायचे, नखांतलं पीठ काढायचे, शर्ट घालायचे आणि बादल्या घेऊन नळावर उभे राहायचे, आत्ताच उठल्यासारखे. अंगात ताप असला तरी. आमचं भांडण झालेलं असलं तरी. भांडण झालेलं असलं की पीठ जरा घट्ट व्हायचं.

मीही कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. शेजारणी म्हणायच्या, तुझ्या हातात किती ताकद गं. मी हो म्हणायचे.

पंच्याऐंशीत ह्यांना वॉचमनची नोकरी लागली, रातपाळीची. तेव्हा पीठ मळायचं थांबलं.

लोक विचारतात, त्या दिवसांत कसं निभावलंत. मी इतकी वर्षं सांगत आले, देवाच्या कृपेने. ते खरंच आहे. पण पीठ तुम्ही मळत होता. अहो, आज सगळ्यांना सांगितलं. तुम्ही सांग म्हणालात म्हणून."

हे तीनशे शब्दांच्या आत आहे. काकू सावकाश बोलतात, त्यांना साडेतीन मिनिटं लागली.

तपासा: पूर्ण भाषणात "प्रेम", "विश्वास", "त्याग" हे शब्द किती वेळा आले? काकूंच्या भाषणात एकदाही नाहीत.

टप्पा ५: छाटणी

पहिला मसुदा याच्या तिप्पट होता. काय गेलं आणि का, ते सांगते, कारण तुमच्याही मसुद्यात हेच असणार.

"त्या काळी परिस्थिती अत्यंत हलाखीची होती" हे गेलं. "दहा बाय बाराची खोली, दोन मुलं" यात ती हलाखी आधीच आहे. "संसाराच्या वेलीवर" वगैरे गेलं, कारण काकू तसं कधी बोलत नाहीत आणि ते वाचताना त्यांचा आवाजच बदलत होता.

संपाचे पुढारी दत्ता सामंत यांचं नाव गेलं. ते काढायला काकूंना जड गेलं. पण हॉलमध्ये गिरणगावातली माणसं असणार होती आणि ते नाव निघालं की संप बरोबर होता की चूक यावर निम्मी माणसं मनात वाद घालू लागतात. मग परात कुणाला ऐकू येत नाही.

शेजारच्या खानावळवाल्या मावशींची आठवणही गेली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, त्यातून या मावशींना बँकेचं कर्ज मिळालं होतं आणि संपात गिऱ्हाइकं गावाला गेल्यावर त्यांचीही ओढाताण झाली. ती आठवण मोलाची आहे, पण ती दुसऱ्या बाईची गोष्ट आहे. मी काकूंना ती वेगळी रेकॉर्ड करून ठेवायला सांगितली.

छाटताना एक सोपी रीत: प्रत्येक वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे काढलं तर पुढचं कळायचं राहील का? राहणार नसेल तर काढा.

टप्पा ६: मोठ्याने म्हणा, उभं राहून

मनात वाचलेलं भाषण नेहमी लहान वाटतं. उभं राहून, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून तीन वेगवेगळ्या दिवशी म्हणा. पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर पुन्हा छाटा, भरभर बोलून वेळ वाचवू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लक्षात येतं की गळा एकाच वाक्याला दाटतो. काकूंचा "परातीच्या आवाजाने" इथे दाटायचा. त्या वाक्याच्या आधी कागदावर लाल रेघ मारली. रेघ आली की थांबायचं, एक घोट पाणी प्यायचं, मग पुढे. थांबलेलं लोकांना चालतं. घाईघाईत गिळलेलं वाक्य मात्र कुणाला कळत नाही, आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

पाठ करू नका. पाठ केलेलं एका शब्दाला अडलं की सगळं अडतं. जाड अक्षरात, एका कागदावर एक तुकडा, असे पाच कागद करा. वाचायची सवय नसेल तर पाच शब्द पुरतात. काकूंचे होते: खोली, गाव, परात, शेजारणी, अहो.

सावध: तालीम नवऱ्यासमोर करू नका. त्यांनी परवानगी देताना एकदा ऐकलं आहे, दुसऱ्यांदा हॉलमध्येच ऐकू दे.

टप्पा ७: कार्यक्रमातली जागा

औक्षण, हार, उखाणा हे सगळं आधी उरकून घ्या. उखाणा भाषणाच्या शेवटी जोडू नका. टाळ्या आणि चिडवाचिडवी सुरू होते आणि शेवटचं वाक्य त्यात बुडतं. भाषण त्यानंतर, केकच्या आणि जेवणाच्या आधी. पंगत सुरू असताना अजिबात नाही. मुलांचा फोटोंचा व्हिडिओ भाषणानंतर ठेवा, आधी दाखवला तर लोक थकलेले असतात.

नवऱ्याला शेजारी उभं करू नका. हातात नारळ आणि गळ्यात हार घेऊन माणसाला काय करावं कळत नाही. त्यांना पहिल्या रांगेत, तुम्हाला समोर दिसतील असं बसवा. शेवटचं "अहो" त्यांच्याकडे बघून म्हणायचं आहे.

मागची सनई बंद करायला सांगा. माईक हनुवटीच्या खाली एक मूठ अंतरावर धरा. कागद दुसऱ्या हातात, पाण्याचा पेला टेबलावर, झाकण न लावलेला.

आणि निवेदकाला आधीच बजावून ठेवा की भाषण संपल्यावर "किती सुंदर बोलल्या काकू" असं काही बोलायचं नाही, लगेच केक आणायचा नाही. मी त्या दिवशी माईक बंद करून बाजूला उभी राहिले. काका उठून काकूंपाशी गेले आणि त्यांच्या हातातले कागद घेऊन त्यांनी घडी करून खिशात ठेवले. केक दहा मिनिटांनी आला.